पासवर्ड अख्ख्या मजल्याला पाठ झालाय? शेजाऱ्यांना आपल्या वायफायवरून उतरवायचं कसं

आमच्याकडे ही गोष्ट उघडकीला आली ती टीव्हीमुळे. रात्री साडेदहाला बातम्या बघत बसलो होतो, अचानक बातम्या गेल्या आणि कुठल्यातरी गेमचा व्हिडिओ सुरू झाला, मोठ्या आवाजात. मुलगी झोपलेली, नवऱ्याचा फोन चार्जिंगला, माझा माझ्या हातात. मग लावलं कोणी? दोन मिनिटांनी बंद झाला, आणि भिंतीपलीकडून "अरे हा आपला टीव्ही नाहीये" असं ऐकू आलं. शेजारच्या पोराने आपल्या टीव्हीवर टाकायचा व्हिडिओ आमच्या टीव्हीवर टाकला होता, कारण त्याचा फोन आमच्याच वायफायवर होता आणि त्याच्या लिस्टीत आमचा टीव्ही दिसत होता.

पासवर्ड कसा पसरला ते शोधायला फार डोकं लावावं लागलं नाही. लॉकडाऊनमध्ये शेजारच्या काकूंच्या मुलाची ऑनलाइन शाळा होती म्हणून मीच दिला होता. नंतर गणपतीत आरतीला आलेल्या भाच्याने वरच्या मजल्यावरच्या मित्राला दिला, आणि देणं म्हणजे आता काय, फोनवर वायफायचा क्यूआर कोड उघडायचा आणि दुसऱ्याने स्कॅन करायचा, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तर त्या कोडच्या खाली पासवर्ड सरळ अक्षरात लिहिलेला असतो. म्हणजे एकदा एकाचा फोन जोडला गेला की तो पुढच्या दहा जणांना देऊ शकतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आणि आमचा पासवर्ड होता `morya1234`, म्हणजे तोंडी सांगितला तरी लक्षात राहील असा.

मी हे सगळं निस्तरताना दोन मोठ्या चुका केल्या, एक दिवस घरातलं नेट पूर्ण बंद पडलं आणि पासवर्ड बदलल्यावरही तीन जण संध्याकाळी परत आले. तुमचं तसं होऊ नये म्हणून क्रमाने लिहितेय.

## आधी: चालू द्यावं की बंद करावं?

"वापरतायत तर वापरू दे, अनलिमिटेड तर आहे" असं माझा नवरा म्हणाला. तर अनलिमिटेड हे नावापुरतं असतं, बऱ्याच घरगुती फायबर प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते आणि ती ओलांडली की स्पीड रांगायला लागतो. पण माझ्या मते डेटा हा खरा प्रश्नच नाही. तुमच्या वायफायवर आलेला माणूस घराच्या नेटवर्कच्या आत असतो, त्याला टीव्ही दिसतो, प्रिंटर दिसतो, कॅमेऱ्याचा डबा दिसतो आणि त्याचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवला असेल तर उघडतोही.

दुसरं म्हणजे त्या कनेक्शनवरून जे काही होईल त्याचा माग तुमच्या नावाच्या कनेक्शनपर्यंत येतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी धमकीचा ईमेल गेला होता, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वायफायवरून. वायफाय उघडं होतं, कोणीतरी ते वापरलं, आणि पोलीस पोचले त्या गृहस्थाच्या दारात. आपल्या मजल्यावर कोणी असं करणार नाही हे मलाही माहितीये, पण चौथ्या-पाचव्या हाताला पासवर्ड गेला की "आपला मजला" असं काही राहत नाही.

## काय काय लागेल

- लॅपटॉप आणि एक लॅन केबल. केबल नसेल तर राउटरच्या खोक्यात बघा, पिवळी किंवा करडी, बहुतेकांनी ती उघडलेलीच नसते. नवीन लॅपटॉपला भोक नसेल तर यूएसबीचं अडॅप्टर लागतं, किंवा कोणाचा तरी जुना लॅपटॉप तासाभरासाठी आणा.
- राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो.
- एक कागद आणि पेन. खरंच कागद, कारण मधे नेट जाणार आहे.
- नेटवाल्याचा फोन नंबर आणि तुमचा कस्टमर आयडी, कागदावर लिहून.
- दोनेक तास, आणि ते संध्याकाळी किंवा मीटिंगच्या आधी नको. रविवारची दुपार चांगली.

केबल कशाला, फोनवरून होतं की, असं वाटेल. होतं. पण वायफायवर बसून वायफायचाच पासवर्ड बदलला की सेव्ह दाबल्या क्षणी तुम्ही स्वतःच बाहेर फेकले जाता, आणि टाइप करताना एक अक्षर चुकलं असेल तर मग आत जायला दार नाही. केबलने जोडलेल्या लॅपटॉपला वायफायच्या पासवर्डशी घेणंदेणं नसतं.

## १. तीन पासवर्ड असतात, ते आधी वेगळे करा

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो म्हणून जरा थांबून सांगते.

पहिला वायफायचा, जो फोनमध्ये टाकतो आणि जो मजल्याला पाठ झालाय. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, म्हणजे अॅडमिनचा, तो बऱ्याचदा स्टिकरवर असतो किंवा सरळ `admin` आणि `admin`. तिसरा नेट कंपनीचा, सेटिंगमध्ये `WAN` किंवा `PPPoE` नावाच्या पानावर युजरनेम-पासवर्ड दिसतो तो, ज्याने तुमचा डबा कंपनीकडे लॉगिन करतो.

पहिले दोन बदलायचे. तिसऱ्याला हात लावायचा नाही. त्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि बाहेर या.

माझी पहिली चूक इथली. अॅडमिनचा पासवर्ड लागेना म्हणून मी मागच्या बारीक भोकात कानातल्याची तार घालून दहा सेकंद दाबून धरली. रिसेट झाला, अगदी छान झाला, त्यात तो तिसरा पासवर्डपण पुसला गेला. लाल दिवा लागला तो नेटवाला दादा दुसऱ्या दिवशी दुपारी येईपर्यंत गेला नाही आणि मी ऑफिसचं काम फोनच्या हॉटस्पॉटवर केलं. त्यात रिसेट केल्यावर वायफायचा पासवर्ड स्टिकरवरचा होतो, आणि त्या स्टिकरचा फोटो घरी येऊन गेलेल्या कोणाकडेही असू शकतो. म्हणून अॅडमिनचा पासवर्ड माहीत नसेल तर आधी नेटवाल्याला फोन करा, तो सांगतो किंवा तिकडून बदलून देतो. रिसेट शेवटचा उपाय.

## २. राउटरच्या आत शिरा

केबल राउटरच्या `LAN` लिहिलेल्या भोकात, दुसरं टोक लॅपटॉपला. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. आता राउटरचा पत्ता हवा. स्टिकरवर असतो, साधारण `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`. नसेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
ipconfig
```

त्यात `Default Gateway` च्या पुढे जो आकडा येतो तोच पत्ता. तो ब्राउझरच्या वरच्या अॅड्रेसच्या पट्टीत टाकायचा, गुगलच्या शोधण्याच्या चौकटीत नाही, माझ्या सासूबाईंनी तसा टाकला आणि त्यांना भलत्याच वेबसाइटी दिसल्या. ब्राउझर "Not secure" म्हणेल, घरातल्या राउटरच्या पानाला ते म्हणतोच, घाबरू नका.

फोनवरूनच करत असाल तर मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर फोन तो पत्ता मोबाइलच्या नेटवर शोधत बसतो आणि पान उघडतच नाही.

काही कंपन्यांच्या अॅपमध्येही वायफायचा पासवर्ड बदलता येतो. सोपं आहे, पण त्यात पुढच्या दोन-तीन गोष्टी बहुधा दिसत नाहीत, म्हणून एकदा तरी आत जाऊन बघाच.

## ३. मोजणी: कोण कोण बसलंय

आधी कागदावर आपल्या घरातलं सगळं लिहा, राउटर बघायच्या आधी. आमच्याकडे दोन फोन, मुलीचा टॅब, दोन लॅपटॉप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, प्रिंटर आणि देवघरातल्या दिव्याचा स्मार्ट प्लग, असे नऊ.

मग राउटरमध्ये दोन याद्या सापडतील आणि त्यातला फरक महत्त्वाचा आहे. एक `DHCP Clients` वगैरे नावाची, ती म्हणजे सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर, गेल्या काही तासांत आलेले सगळे त्यात असतात, गेलेलेसुद्धा. आमच्यात २३ नावं होती, बघून मला धडकीच भरली. दुसरी `Wireless Clients` किंवा `Connected Devices` किंवा `Associated Stations`, हिच्यात आत्ता या क्षणी वायफायवर कोण आहे ते. तिथे १६ होते. मोजायचं ते दुसऱ्या यादीवर. (काही राउटरांत वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांची यादी वेगवेगळी असते, दोन्ही बघा.)

आता नावं वाचून ओळखायला जाल तर फसाल. टीव्ही आणि प्रिंटर आपलं नाव नीट सांगतात, पण फोन नाही सांगत. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक अॅड्रेस न देता एक बनावट देतो. मॅक अॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर त्या वस्तूची ओळख सांगणारा, `d6:3f:` वगैरेने सुरू होणारा बारा अक्षरांचा पत्ता. त्यातलं दुसरं अक्षर `2`, `6`, `a` किंवा `e` असेल तर तो बनावट समजायचा, म्हणजे बहुतेक फोन, टॅब किंवा नवा लॅपटॉप. आपल्या फोनने कुठला दिलाय ते फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर टॅप केलं की खाली दिसतं. मी तो पाहून यादीत आमचे दोन्ही फोन आणि टॅब हुडकून काढले.

बाकीच्यांसाठी साधी युक्ती. घरातली एकेक वस्तू बंद करायची, एक दीड मिनिट थांबायचं, यादी रिफ्रेश करायची आणि कोण गेलं ते कागदावर खोडायचं. प्लग, कॅमेरा, प्रिंटर, सगळं. वेळखाऊ आहे, पण याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. फिंग नावाचं एक अॅप आहे, ते फोनवरून अशी यादी दाखवतं, राउटरमध्ये शिरता येत नसेल तर तेवढ्यापुरतं चालेल.

आमचे नऊ खोडून सात उरले. त्यात एकाचं नाव `Espressif` होतं, मी लगेच कोणीतरी हॅकर समजले, तो निघाला आमच्याच गीझरचा स्मार्ट स्विच जो मी लिहायलाच विसरले होते. ही चिप बनवणारी कंपनी आहे, स्वस्तातल्या स्मार्ट वस्तूंमध्ये तीच असते. उरले सहा. एक फोन आमच्या कामाच्या ताईंचा. मी माझा जुना फोन त्यांना दिला होता आणि त्यात आमचं वायफाय साठवलेलं राहिलं होतं, सकाळी त्या दारात आल्या की फोन आपोआप जोडला जायचा आणि त्यांना काही माहीतच नाही. (जुना फोन देताना पुसून द्या, हे मला आत्ता कळतंय.)

राहिले पाच. यांच्यासाठी सिग्नलचा आकडा बघा, यादीत `RSSI` किंवा `Signal` म्हणून असतो, नेहमी वजा. माझ्या हातातल्या फोनचा -४२ होता, आतल्या खोलीतल्या लॅपटॉपचा -६०. शून्याच्या जितका जवळ तितकी वस्तू राउटरजवळ. या पाचांतले चार -७५ ते -८४ मध्ये होते आणि तासाभराने बघितलं तरी तिथेच, म्हणजे भिंतीपलीकडे किंवा वरती. एक मात्र -५८ होता, तो बसला होता बेडरूममधल्या एक्स्टेंडरवर, म्हणजे राउटरचं वायफाय लांबच्या खोलीपर्यंत पोचवणाऱ्या डब्यावर. आपला एक्स्टेंडर. तेव्हा मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, तीच दुसरी चूक, पुढे येतेच आहे.

एक सांगून ठेवते, नेट हळू चालतंय म्हणून कोणीतरी चोरतंय असं लगेच धरू नका. रात्री नऊला केबलने स्पीड बघा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर रडत असेल तर बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर आजूबाजूच्या वीस राउटरांची गर्दी आहे, त्याला शेजारी जबाबदार असले तरी चोर नाहीत. आमचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन केबलवरही ९ दाखवत होतं, म्हणजे आतूनच कोणीतरी ओढत होतं किंवा कंपनीकडेच घोळ होता. मी `Wireless` बंद करून परत बघितलं, ९६ आलं. मग शंका राहिली नाही.

## ४. ब्लॉक करू नका

यादीत प्रत्येकाच्या पुढे `Block` चं बटण असतं आणि ते दाबायचा मोह होतो. मी दाबलं. पाचही गेले, मी चहा करून आले, दोघं परत. ब्लॉक होतो तो मॅक अॅड्रेस, आणि फोनच्या सेटिंगमध्ये बनावट पत्त्याऐवजी खरा वापर असं केलं की नवा पाहुणा तयार. मुद्दाम नसेल केलं, पोरं खटपट करतातच. ज्याला पासवर्ड माहीत आहे त्याला पत्त्यावर अडवणं म्हणजे किल्ली त्याच्याकडे आणि आपण दारात चपला बघत उभे. मग ज्या यादीत मी आमचाच प्रिंटर चुकून टाकला होता तीही काढावी लागली.

## ५. बदलायचा क्रम

हा क्रम मोडू नका, कारण कुलूप बदलण्याआधी खिडक्या बंद करायच्यात.

आधी अॅडमिनचा पासवर्ड, `Administration` किंवा `Management` मध्ये. वायफायवर असलेला कोणीही राउटरचं पान उघडू शकतो, आणि तिथे `admin/admin` असेल तर तुम्ही कितीही वेळा वायफायचा पासवर्ड बदला, आधी कोणी आत जाऊन काय करून ठेवलंय काय माहीत. नवा कागदावर लिहा. त्याच भागात `Remote Management` असेल तर बंद, आपल्याला बाहेरून राउटर उघडायचा नाहीये.

मग `WPS` बंद. हे पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायचं सोंग आहे. त्याची पिन आठ आकडी असते पण तपासताना दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडते, ही खोट २०११ सालीच जाहीर झालीये. शिवाय घरात आलेला कोणीही पोरगा राउटरवरचं बटण दाबून दोन मिनिटांत फोन जोडू शकतो, पासवर्ड बदललेला असला तरी.

आता वायफायचा पासवर्ड. `Wireless` मध्ये जा, सिक्युरिटीला `WPA2-PSK` आणि `AES` ठेवा, किंवा `WPA2/WPA3` मिश्र असेल तर ते. नुसतं `WPA3` केलंत तर जुना टीव्ही आणि स्वस्तातला प्लग जोडलाच जाणार नाही. `TKIP` किंवा `WEP` दिसत असेल तर बदला.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, मुलांची नावं, बाप्पा, हे सगळं नको, शेजाऱ्यांना ते सगळं माहीत असतं. मला चालला तो प्रकार म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत आणि मधे एक आकडा, `vangi-tapal-47-khidki-doha` असं काहीतरी (हाच घेऊ नका अर्थात). सगळं स्मॉल अक्षरांत, कारण हा पासवर्ड टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधत टाकायचाय आणि तिथे कॅपिटल आणि `#` शोधताना संसार मोडतात. शून्य आणि ओ, एक आणि एल यांचा घोळ होईल असे शब्द टाळा.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पानांवर बदला. हा सगळ्यात नेहमीचा सापळा. बऱ्याच राउटरांत दोघांचे पासवर्ड वेगळे सेव्ह होतात, एकावर बदलून माणूस खूश होतो आणि सगळे दुसऱ्यावरून चालू राहतात.

नाव बदलायचं की नाही? मी बदललं. नाव तेच ठेवलं तर शेजाऱ्यांचे फोन जुना पासवर्ड घेऊन धडका मारत राहतात, त्यांना "पासवर्ड चुकीचा" दिसतं आणि पाच मिनिटांत बेल वाजते. नाव बदललं की त्यांना वायफाय नुसतं दिसेनासं होतं. आणि नव्या नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव घालू नका.

आणि हो, "जुनं नाव-पासवर्ड गेस्ट म्हणून ठेवू, म्हणजे प्लग आणि कॅमेरा परत जोडायला नको" अशी हुशारी मलाही सुचली होती. म्हणजे सगळे पाहुणे जागच्या जागी.

## ६. विसरलेली दारं: एक्स्टेंडर आणि दुसरा डबा

दुपारी तीनला सगळं बदललं, यादीत फक्त आमच्या वस्तू, मी विजयी मुद्रेने फिरत होते. बेडरूममध्ये नेट येईना कारण एक्स्टेंडरला नवा पासवर्ड माहीत नव्हता, म्हणून त्याच्या अॅपमधून तो टाकला. संध्याकाळी सातला यादी बघितली तर तीन अनोळखी हजर!

झालं असं की एक्स्टेंडर राउटरला नव्या पासवर्डने जोडला गेला, पण तो स्वतः जे वायफाय पसरवतो त्याचं नाव शेवटी `_EXT` वालं आणि पासवर्ड जुनाच होता, `morya1234`. बेडरूमची भिंत काकूंच्या हॉलला लागून. तो -५८ वाला आठवतोय ना, तो तिथूनच येत होता, आणि बाकीच्या दोघांना मुख्य वायफाय गेल्यावर तेच जवळचं दिसलं. तर एक्स्टेंडरच्या सेटिंगमध्ये दोन जागा असतात, राउटरला जोडायचा पासवर्ड आणि स्वतः पसरवायचा पासवर्ड, दोन्ही बदला. काही एक्स्टेंडरमध्ये राउटरचंच नाव-पासवर्ड उचल असा पर्याय असतो, तो बरा. त्याचाही अॅडमिनचा पासवर्ड असतो, तोही.

असंच दुसरं दार म्हणजे नेटवाल्याने भिंतीवर लावलेला फायबरचा डबा. तुम्ही वेगळा राउटर विकत घेऊन लावला असेल तर त्या मूळ डब्याचं वायफाय बऱ्याचदा चालूच राहतं, स्टिकरवरच्या पासवर्डसकट. फोनच्या वायफाय यादीत भरपूर सिग्नलवालं एखादं कंपनीच्या नावाचं नेटवर्क दिसतंय का बघा, डबा क्षणभर बंद केल्यावर ते गेलं तर ते तुमचंच. त्याचं वायफाय बंद करा किंवा पासवर्ड बदला.

## ७. आपल्या वस्तू परत जोडा

फोन, लॅपटॉप पाच मिनिटांत होतात. टीव्हीला दहा. प्लग, कॅमेरा, गीझरचा स्विच यांनी माझा तास खाल्ला. यांतल्या बऱ्याच वस्तूंना नवा पासवर्ड सांगायची सोय नसते, बटण दाबून रिसेट करून अॅपमधून पहिल्यापासून जोडावं लागतं, आणि त्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. फोन ५ वर असेल तर जोडणी मधेच अडकते, तेवढ्यापुरतं राउटरमधून ५ बंद करा, जोडा, परत चालू करा. कॅमेरा रिसेट करताना त्याचा स्वतःचा पासवर्डपण नवीन द्या, कारण इतके दिवस तो कोणाकोणाला दिसत होता ते सांगता येणार नाही.

## ८. गेस्ट नेटवर्क, आणि काकूंशी बोलणं

राउटरमध्ये `Guest Network` असतं. ते चालू करा, वेगळं नाव, वेगळा साधा पासवर्ड, आणि "गेस्टला घरातल्या वस्तू दिसू दे" अशा अर्थाचा `Allow access to local network` वगैरे पर्याय बंद ठेवा. मग पाहुणा नेट वापरतो पण टीव्ही, प्रिंटर त्याला दिसत नाहीत. स्पीडची मर्यादा टाकायची सोय असेल तर टाका, मी १० एमबीपीएस ठेवलीये.

आता खरी अवघड पायरी. बेल वाजलीच, दुसऱ्या दिवशी सकाळी.

"अगं, तुमचं वायफाय बंद झालंय का? आमच्याकडे लागत नाहीये."

मी राउटर जळला वगैरे सांगायचं ठरवलं होतं, पण मग वाटलं की पुढच्या वेळी काय सांगणार. म्हटलं, "काकू, पासवर्ड बदलला. खूप जणांकडे गेला होता, परवा कोणीतरी आमच्या टीव्हीवर गेम लावला. ऑफिसचं काम याच्यावरच असतं माझं, आता घरातल्या घरातच ठेवायचं ठरवलंय."

"आमच्या बंट्यानेच लावला असणार," काकू म्हणाल्या, आणि मग दोन मिनिटं आम्ही दोघी बंट्याबद्दलच बोललो. त्यांनी आठवड्यात स्वतःचं कनेक्शन घेतलं. वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही, ज्याने न विचारता घेतलं त्याला खुलासा द्यायला मी बांधील नाही असं माझं मत.

एकाला मात्र मी आपणहून दिलं. समोरचे आजोबा, त्यांची मुलगी परदेशात असते आणि रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल असतो, त्यांच्या घरात मोबाइलला रेंज नाही. त्यांच्या फोनमध्ये गेस्टचं मीच टाकून दिलं. तो एक फोन आता यादीत रोज दिसतो, आणि मला माहितीये तो कोणाचा आहे.

महिन्यातून एकदा यादी बघते, मुख्य नेटवर्कवर दहा आणि गेस्टवर एक. मुलीला सांगून ठेवलंय की मैत्रिणी आल्या तर मुख्य वायफायचा क्यूआर उघडायचा नाही, गेस्टचा क्यूआर प्रिंट करून फ्रिजवर चिकटवलाय. गणपतीत तोच सगळे स्कॅन करतात, विसर्जन झालं की गेस्टचा पासवर्ड बदलायचा, नवा कागद फ्रिजवर लावायचा आणि आजोबांच्या फोनमध्ये जाऊन नवा टाकून यायचं.